वाळलेलं आमसूल पुन्हा रसात का बुडवतात?

मे महिन्यात रत्नागिरीकडे आमच्या घराच्या खळ्यात रातांब्याची सोलं वाळत पडायची. लालभडक वाट्या, पोट वर करून, चटईवर ओळीने मांडलेल्या. दिवसभर ऊन खाऊन संध्याकाळपर्यंत त्या आक्रसायच्या, कडा वळायच्या, रंग काळपट व्हायचा. आता ही बरणीत जाणार असं वाटावं, तोवर मोठी काकू सगळी सोलं गोळा करायची आणि पातेल्यातल्या आंबट-खारट रसात बुडवून ठेवायची. सकाळी पुन्हा तीच भिजलेली सोलं चटईवर. "वाळवायचीच आहेत तर भिजवतेस कशाला?" असं मी एकदा विचारलं, तर ती म्हणाली, "अरे, आत्ताशी एकच पूट झालंय. चार तरी व्हायला हवीत."

त्याच वेळी ओट्याच्या कडेला काचेची एक मोठी बरणी उन्हात उभी असायची. तिच्यात तीच सालं, पण साखरेत. तिला कोणी वाळवत नसे, उकळत नसे, फ्रीजमध्येही ठेवत नसे. तरी तिच्यातलं सरबत पुढच्या मे महिन्यापर्यंत चालायचं. आणि टोपलीत उरलेले चार रातांबे मात्र तिसऱ्या-चौथ्या दिवशी मऊ पडून त्यांच्यावर चिलटं घोंघावायची.

एकच फळ. मोकळं राहिलं तर चार दिवसांत नासतं, मिठात वाळलं तर वर्षभर टिकतं, आणि साखरेत ओलं राहूनही वर्षभर टिकतं. या तिन्हींमागे एकच कारण आहे. ते कळलं की मिठाचं आणि साखरेचं प्रमाण पाठ करावं लागत नाही, आणि काही बिघडलं तर कुठे बिघडलं हेही ओळखता येतं.

नासवतं कोण?

आधी नावांचा गोंधळ दूर करू. झाडावरचं पिकलं फळ म्हणजे रातांबा, गोव्यात भिरंड. त्याचं साल मिठाच्या रसात भिजवून वाळवलं की ते आमसूल, सोल किंवा नुसतं कोकम. साखरेत मुरवून काढलेला पाक म्हणजे कोकम सरबत किंवा अमृत कोकम. मीठ घालून काढलेला रस म्हणजे आगळ, सोलकढीला लागतो तो. आगळ हा वेगळा विषय आहे. इथे आमसूल आणि सरबत या दोघांचंच पाहू.

रातांबा अतिशय आंबट असतो. त्याच्या सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक नावाचं आम्ल भरपूर असतं, लिंबातल्या सिट्रिक आम्लाचं ते जवळचं भावंड. इतक्या आंबटपणात बहुतेक जिवाणूंना वाढता येत नाही. दूध, वरण, भात ज्यांच्यामुळे नासतात ती मंडळी इथे जवळजवळ बादच होतात. उरतात दोघं: बुरशी आणि यीस्ट. यीस्ट म्हणजे साखर खाऊन ती आंबवणारे सूक्ष्म जीव. या दोघांना आंबटपणाचं फारसं वावडं नाही. उघड्या टोपलीतल्या रातांब्यावर जी पांढरी-हिरवी लव दिसते ती बुरशीची, आणि दारूसारखा वास येतो तो यीस्टच्या कामाचा.

म्हणजे कोकम टिकवायचं तर लढाई या दोघांशीच आहे. आंबटपणाला ते दाद देत नाहीत, पण त्यांची एक नड आहे. त्यांना पाणी लागतं, आणि तेही मोकळं पाणी.

मोकळं पाणी आणि बांधलेलं पाणी

गुऱ्हाळावर उसाचा रस पिताना कोणी तो बाटलीत भरून उद्यासाठी ठेवत नाही. दुपारपर्यंत तो आंबायला लागतो. पण तोच रस आटवून केलेली काकवी महिनोन्‌महिने राहते. काकवी काही कोरडी नसते. ओतली की वाहते, म्हणजे तिच्यात पाणी आहेच. मग यीस्ट तिथे का वाढत नाही?

कारण काकवीतलं पाणी साखरेत अडकलेलं असतं. साखरेचे कण पाण्याचे कण स्वतःभोवती धरून ठेवतात. साखर थोडी आणि पाणी भरपूर असेल, तर बरंचसं पाणी मोकळं राहतं आणि यीस्टला ते पिता येतं. साखर भरपूर आणि पाणी थोडं असेल, तर मोकळं पाणी जवळपास उरतच नाही. उलट यीस्टच्या पेशीतलंच पाणी बाहेर ओढलं जातं. कोशिंबिरीच्या चिरलेल्या काकडीवर मीठ घातलं की ती पाणी सोडते, तीच गत यीस्टची होते. मीठही हेच काम करतं, आणि वजनाच्या मानाने साखरेपेक्षा पुष्कळ जोरात करतं.

म्हणून पदार्थ टिकेल की नाही हे त्यात एकूण पाणी किती आहे यावर ठरत नाही, त्यातलं मोकळं पाणी किती यावर ठरतं. मोकळं पाणी कमी करायचे मार्ग दोन: ते उडवून लावायचं, किंवा बांधून टाकायचं. आमसुलात आपण दोन्ही करतो. सरबतात फक्त बांधतो.

पाच किलो रातांब्यांचा हिशोब

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. समजा, मेच्या मध्याला पाच किलो पिकलेले, गर्द लाल रातांबे घरात आले. दबलेले, फुटलेले आणि पावसात भिजलेले आधी बाजूला काढायचे, कारण त्यांच्या सालीला सूक्ष्म चिरा पडलेल्या असतात आणि बुरशी तिथूनच शिरते. बाकीचे धुवायचे आणि फडक्याने कोरडे पुसून तासभर पंख्याखाली पसरायचे. धुण्याचं काम कापण्याआधीच व्हायला हवं. कापल्यावर धुतलं तर आंबट रस आणि रंग पाण्याबरोबर वाहून जातो, आणि आपल्याला नको असलेलं पाणी आत शिरतं.

मग फळ आडवं कापून दोन वाट्या करायच्या आणि आतला पांढरट, बुळबुळीत गर बियांसकट एका पातेल्यात काढायचा. साधारण निम्मं वजन सालीचं निघतं, निम्मं गर आणि बियांचं. म्हणजे आपल्याकडे अडीच किलो साल आली. त्यातली दीड किलो आमसुलांसाठी आणि एक किलो सरबतासाठी ठेवू.

भांडी फक्त स्टीलची, काचेची किंवा चिनी मातीची. ॲल्युमिनियम, पितळ, तांबं आणि लोखंड कोकमाच्या आम्लात विरघळतं. रंग बिघडतो, धातूची चव उतरते आणि ते पोटात जाणंही बरं नाही.

आमसूल: पूट म्हणजे काय?

पातेल्यातल्या गरात दीडशे ग्रॅम जाडं मीठ घालायचं, म्हणजे किलोभर सालीला शंभर ग्रॅम. हाताने चांगलं कुस्करलं की मीठ विरघळतं आणि बियांना चिकटलेला गर सुटतो. रोवळीतून किंवा चाळणीतून हा रस गाळून घ्यायचा. बिया टाकायच्या नाहीत. त्या राखेत घोळून वाळवल्या की त्यांच्यापासून कोकमाचं तेल निघतं. ते एरवीही वडीसारखं घट्ट असतं आणि पायांच्या भेगांना लावतात.

आता साली या खारट रसात बुडवायच्या, रात्रभर ठेवायच्या आणि सकाळी निथळून उन्हात पसरायच्या. पोकळ बाजू वर. संध्याकाळी, दव पडायच्या आत उचलून पुन्हा त्याच रसात. भिजवणं आणि वाळवणं अशी एक फेरी म्हणजे एक पूट. चार-पाच पुटांत पातेल्यातला रस संपत येतो. मग शेवटचे दोन-तीन दिवस नुसतं ऊन द्यायचं.

काकूला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर या फेऱ्यांत आहे. पहिली गोष्ट मिठाची. ताज्या सालीत पाणी फार, वजनाच्या जवळजवळ चार-पंचमांश. नुसती उन्हात टाकली तर पूर्ण वाळायला कित्येक दिवस लागतात, आणि तेवढ्या दिवसांत बुरशीला मोकळं रान मिळतं. मिठाच्या रसात ठेवल्यावर पहिल्याच रात्री मीठ सालीतलं पाणी बाहेर खेचायला लागतं, आणि जे आत राहतं त्यात मीठ शिरून ते बांधलं जातं. ऊन पडायच्या आतच अर्धं काम सुरू झालेलं असतं. शिवाय सालीच्या पृष्ठभागावर, जिथे बुरशी पहिल्यांदा उतरते, तिथे आंबट-खारट रसाचा थर असतो.

दुसरी गोष्ट कडक उन्हाची. मेच्या उन्हात सालीचा वरचा भाग झटकन वाळतो आणि चामड्यासारखा घट्ट होतो. आतलं पाणी बाहेर यायची वाटच मग बंद होते. हाताला साल कोरडी लागते, पण आत ओल अडकलेली असते, आणि बरणीत गेल्यावर ती महिनाभराने वर येते. रात्री रसात ठेवल्याने वरचा घट्ट थर पुन्हा मऊ होतो आणि दुसऱ्या दिवशी आतल्या ओलीला वाट मिळते.

तिसरी गोष्ट चवीची. प्रत्येक पुटागणिक रसातलं पाणी उडून जातं, पण त्यातलं आम्ल, मीठ आणि रंग सालीवर आणि सालीत साठत जातात. पाच किलो फळांच्या गराचा आंबटपणा असा दीड किलो सालीत येऊन बसतो. पूट न देता वाळवलेली साल तपकिरी, काष्ठवत होते आणि आमटीत घातली तर कमी आंबट लागते. चांगलं आमसूल मऊ, काळपट जांभळं आणि चिवट असतं ते या पुटांमुळे.

दीड किलो सालीची शेवटी अर्धा ते पाऊण किलो आमसुलं होतात. ती पुरती वाळली का, हे बोटांनी आणि बरणीने तपासायचं. आमसूल दुमडलं तर ते तुटू नये, पण दाबल्यावर बोटाला रसही लागू नये. मग मूठभर आमसुलं कोरड्या काचेच्या बरणीत घालून, झाकण घट्ट लावून ती तास-दोन तास उन्हात ठेवायची. काचेच्या आतून धूसर वाफ धरली तर आत अजून पाणी आहे. आणखी एक दिवस ऊन द्यायचं. काच स्वच्छ राहिली तर आमसुलं वर्षाच्या साठवणीला तयार आहेत.

सरबत: साखर नेमकी किती?

सरबताच्या सालींना पूट नाही, वाळवण नाही. कोरड्या काचेच्या बरणीत सालीचा एक थर, त्यावर साखरेचा थर, असं करत जायचं. वाट्यांची पोकळीही साखरेने भरायची. सगळ्यात वर साखरच. तोंडाला स्वच्छ फडकं बांधून बरणी उन्हात ठेवायची. दुसऱ्याच दिवशी तळाशी लाल रस दिसायला लागतो. साखर सालीतलं पाणी ओढून घेते आणि त्या पाण्याबरोबर आम्ल आणि रंगही उतरतो. रोज एकदा कोरड्या चमच्याने वरच्या साली खाली दाबायच्या. रसाच्या वर उघडी राहिलेली साल हीच बुरशीची पहिली जागा असते. सात-आठ दिवसांत साखर विरघळते, साली चिमतात, आणि मग पाक गाळून बाटल्यांत भरायचा.

साखर किती, यावर घरोघरी वाद असतात. कोणी सालीइतकीच घालतं, कोणी दीडपट, कोणी दुप्पट. इथे पाण्याचा हिशोब कामी येतो. एक किलो सालीत साधारण आठशे ग्रॅम पाणी धरू.

एक किलो साखर घातली, तर साखर आणि पाणी मिळून झालेल्या पाकात साखरेचा वाटा येतो सुमारे ५५ टक्के. दीड किलो घातली तर ६५ टक्के. दोन किलो घातली तर ७० टक्क्यांच्या थोडा वर. बाहेर ठेवायचा पाक निदान ६५ टक्क्यांच्या वर असायला हवा, त्याखाली यीस्टला पुरेल इतकं मोकळं पाणी राहतं. म्हणजे सालीइतक्या साखरेचं सरबत पिण्यासारखं असतं, पण ते फ्रीजमध्येच ठेवायला हवं. दीडपटीचं काठावर असतं, साल थोडी जास्त रसाळ निघाली किंवा धुतलेलं पाणी पुसायचं राहिलं की ते घसरतं. दुप्पट साखरेचं सरबत वर्षभर बाहेर राहतं. वर्षभराच्या साठवणीसाठी दुप्पटच घालावी. गोडी जास्त वाटते ती पेल्यात पाणी वाढवून कमी होते, एका भागाला पाच-सहा भाग पाणी घेतलं की झालं.

इथे चिकित्सक वाचकाला एक शंका येईल. खोलीच्या तापमानाला एक किलो पाण्यात जेमतेम दोन किलो साखर विरघळते. मग आठशे ग्रॅम पाण्यात दोन किलो साखर कशी विरघळणार? खरंच, पहिले तीन-चार दिवस तळाला साखरेचा जाड थर बसलेला दिसतो. मग तो हळूहळू नाहीसा होतो. ही किमया कोकमाच्या आम्लाची आणि उन्हाची. साखरेचा प्रत्येक रेणू दोन लहान साखरांच्या जोडीचा बनलेला असतो, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. आम्लात आणि उबेत ही जोडी फुटते. फुटलेल्या साखरा मिळून पाण्यात अधिक विरघळतात, म्हणून तळाचा थर संपतो. पुढे बाटलीत त्यांचे खडेही सहसा जमत नाहीत. आणि एका कणाचे दोन झाल्याने पाणी बांधणारे हातही वाढतात. साध्या पाकापेक्षा कोकमाचा पाक जास्त टिकाऊ असतो तो यामुळे.

म्हणजे उन्हात ठेवलेल्या बरणीत ऊन जंतू मारत नसतं, पाणीही फारसं उडवत नसतं. ते साखर फोडण्याच्या आणि रस उतरण्याच्या कामाला ऊब पुरवत असतं. ढगाळ दिवस आले तर आठाऐवजी बारा दिवस लागतील एवढंच. फारच घाई असेल तर पाक गाळून स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर साखर विरघळेपर्यंत गरम करता येतो. उकळू मात्र नये, रंग आणि ताजी चव दोन्ही जातात.

एक किलो सालीचं दोन-सव्वादोन किलो सरबत निघतं, म्हणजे मापाने दीड लिटरच्या जरा वर. मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड पेल्यातच घालावी. पाण्यात वाटलेलं ओलं जिरं बाटलीत घातलं तर दुप्पट साखरेचा सगळा हिशोबच मोडतो. उरलेल्या गोड साली दोन दिवस उन्हात ठेवल्या की मुलं त्या गोळ्यांसारख्या चघळतात.

रंग का उडतो?

कोकमाचा लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा असतो. जांभळाला आणि काळ्या द्राक्षांना रंग देणारं हे द्रव्य आंबट पाण्यात लाल दिसतं, आंबटपणा गेला की जांभळं आणि मग निळसर. सरबताचा डाग पडलेल्या ओढणीला साबण लागला की तो डाग क्षणात निळा पडतो, तो याचमुळे. साबण आम्लाच्या उलट गुणाचा असतो.

आंबटपणा या रंगाला सांभाळतो, पण उजेड आणि उष्णता त्याला मोडतात. म्हणून पाक उतरेपर्यंत ऊन हवं, आणि उतरल्यावर लगेच अंधार हवा. खिडकीतल्या फळीवर ठेवलेली बाटली दिवाळीपर्यंत विटकरी होते, तर फडताळात ठेवलेली लाल राहते. आमसूल वर्षभरात काळं पडतं ते बिघडलं म्हणून नाही, रंगद्रव्य मोडून तपकिरी-काळं होत जातं म्हणून. आंबटपणा तसाच राहतो. जुन्या काळ्या आमसुलाला जाणती माणसं नाकं मुरडत नाहीत.

पावसाळा: खरी परीक्षा

आमसुलं मे महिन्यात वाळतात आणि लगेच जूनमध्ये पाऊस येतो. आणि इथे मीठच थोडं दगा देतं. हवेतला दमटपणा ७५ टक्क्यांच्या वर गेला की मीठ हवेतलं पाणी ओढून ओलं होतं. जुलैत स्वयंपाकघरातलं मिठाचं भांडं पाझरतं ते याचमुळे. कोकणात आषाढ-श्रावणात हवा याहून बरीच दमट असते. आमसुलांवर मिठाचा थर असतो, म्हणून उघड्या बरणीतली आमसुलं पावसाळ्यात पुन्हा चिकट आणि ओली होतात.

उपाय साधा आहे, हवा आत येऊ द्यायची नाही. चिनी मातीची किंवा काचेची बरणी धुऊन उन्हात पूर्ण वाळवायची. तळाला मूठभर जाडं मीठ, मग आमसुलं दाबून भरायची, वर पुन्हा मीठ. थोडी ओल आत आलीच तर ती मीठ आधी ओढून घेतं, आणि ते खारट पाणी बुरशीला उपयोगाचं नसतं. झाकणाखाली जाड कागद किंवा फडकं घट्ट बसवायचं. रोजच्या वापरासाठी छोटी बरणी वेगळी ठेवायची, म्हणजे मोठी वारंवार उघडावी लागत नाही. पत्र्याचं झाकण टाळावं, मिठाने आणि आम्लाने ते गंजतं. मग ऑक्टोबरात ऊन परतलं की सगळी आमसुलं एक दिवस बाहेर पसरून पुन्हा भरायची.

जुलैत एखादे दिवशी आमसुलांवर पांढरं दिसलं की घाबरायला होतं. ते मीठ आहे की बुरशी? बोट फिरवून पाहा. मीठ खरखरीत लागतं, उजेडात चमकतं आणि पाण्याच्या थेंबात लगेच विरघळतं. बुरशी मऊ, लवेसारखी असते, विरघळत नाही, आणि बरणीला कुबट वास येतो. मीठ असेल तर काहीच करायचं नाही. बुरशी असेल तर ती पुसून आमसुलं वापरायची नाहीत. लव वर दिसते, पण तिचे धागे आत गेलेले असतात, आणि काही बुरशींचं विष धुण्याने जात नाही. आमसुलं नुसती ओलसर झाली असतील, लव नसेल, तर त्यांना ओव्हनमध्ये ५०-६० अंशांवर तासभर ठेवता येतं.

सरबताच्या बाटलीचं दुखणं वेगळं आहे. गाळलेला पाक कोमट असतानाच बाटलीत भरून झाकण लावलं, तर आतली वाफ झाकणाला धरते, थेंब होऊन खाली पडते आणि पाकाच्या वर पातळ पाण्याचा एक थर तयार होतो. खालचा पाक कितीही घट्ट असो, त्या वरच्या थरात यीस्ट आणि बुरशीला पाय रोवता येतात. म्हणून पाक पूर्ण गार झाल्यावरच बाटली बंद करायची आणि बाटलीही आतून सुकी हवी. एका मोठ्या बाटलीऐवजी अर्ध्या लिटरच्या तीन बाटल्या बऱ्या. फोडलेली फ्रीजमध्ये ठेवायची, बाकीच्या फडताळात.

सरबत आंबायला लागलं की ते स्वतः सांगतं. झाकण उघडताना फुस्स आवाज येतो, कडेने बारीक फेस दिसतो, वास दारूकडे झुकतो. असं सरबत उकळून वाचवायचा प्रयत्न करू नये, ते टाकून द्यावं. आणि पुढच्या वर्षी साखर दुप्पट होती का, साली कोरड्या होत्या का, ओला चमचा गेला होता का, हे तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. कारण बहुतेक वेळा यांतल्याच एकात सापडतं.

थोडक्यात

- फळं कापण्याआधी धुवा, पूर्ण कोरडी करा. फुटलेली आणि भिजलेली बाजूला काढा.
- आमसुलांसाठी: किलोभर सालीला १०० ग्रॅम जाडं मीठ, तेही गराच्या रसात. चार-पाच पुटं, मग दोन-तीन दिवस नुसतं ऊन. बंद बरणीत वाफ धरत नाही ना, ते पाहा.
- सरबतासाठी: किलोभर सालीला २ किलो साखर, ७-८ दिवस उन्हात, रोज साली खाली दाबा. साखर कमी घातली तर सरबत फ्रीजमध्येच ठेवा.
- भांडी काच, चिनी माती किंवा स्टीलची. पत्र्याची झाकणं टाळा.
- पाक उतरेपर्यंत ऊन, त्यानंतर अंधार.
- पांढरं खरखरीत आणि विरघळणारं ते मीठ. मऊ आणि कुबट ती बुरशी, ती दिसली की टाका.

मोठी काकू पुटं मोजायची ती बोटांवर. रसाचं पातेलं कोरडं पडलं, आमसूल दुमडून पाहिलं आणि हाताला ओल लागली नाही, की ती बरणी पुसायला घ्यायची. मोकळं पाणी हा शब्द तिला ठाऊक नव्हता, पण ते संपलं की नाही हे तिला बरोबर कळायचं. यंदा पाच किलो रातांबे आणलेत तर चार पुटांची घाई करू नका आणि साखरेत काटकसर करू नका. मग पाऊस कितीही लांबला, तरी बरणी कोजागिरीला उघडा.